माझ्या डावीकडचं जाळं

फोटोत स्वतःचं तोंड घालायची माझी सवय जुनी आहे. बायको म्हणते, धानाच्या पुंजण्याचा फोटो मागितला तरी तुमचं टक्कलच आधी येतं. गेल्या हिवाळ्यात या सवयीमुळे आमच्या घरात एक घोळ झाला. तो निस्तरला तेव्हा मी तलावाच्या पाळीवर, म्हणजे बांधावर, हात लांब करून तसाच थिजून उभा राहिलो होतो.

आमचं घर ढिवरांचं, पिढ्यान्पिढ्या मासे धरणाऱ्यांचं. ब्रह्मपुरीकडच्या एका गावात तलावाला लागूनच आहे. मी स्वतः तालुक्याच्या गावी झेरॉक्स आणि ऑनलाइन फॉर्म भरायचं दुकान चालवतो. पाण्यात माझा उपयोग बुजगावण्याइतका. घरातला खरा माणूस म्हणजे माझे काका. हिवाळ्यात सगळं गाव मिळून तलावावर मासेमारी करतं. तेव्हा माणसं पलीकडून अर्धगोल करून, पाणी बडवत, मासळी पाळीकडे हाकलत आणतात. पाण्यातल्यांना समोरचं काही दिसत नाही. पाळीवरून सगळा तलाव ताटासारखा दिसतो. म्हणून एक जण वर उभा राहून ओरडतो, इकडं सरका, तिकडं सरका. आमच्याकडे वर्षानुवर्षं ते ओरडणं काकांचं होतं. तेच घशाला भोवलं. आवाज बसला तो बसलाच, आणि चंद्रपूरला डॉक्टर म्हणाले, घशात गाठ आहे, ऑपरेशन करू, आणि ते होईपर्यंत एक शब्द बोलायचा नाही.

काकांची मुलगी, माझी चुलत बहीण, सासर सोडून माहेरी आलेली. तिला पाण्यात उतरायचं होतं. काठावर बसून मासळी निवडायची नव्हती, माणसांच्या रांगेत, फेकायचं जाळं खांद्यावर घेऊन उतरायचं होतं. आमच्या घरात याची एक रीत आहे: जाळं मागायचं नाही. वडील देतील तेव्हा घ्यायचं, आणि दिलं की तुमची जागा रांगेत. तिनं कधीच मागितलं नाही. काकांनीही दिलं नाही. दोघंही एकाच चुलीसमोर जेवत आणि हा विषय भाजीत मीठ नसल्यासारखा गिळत.

मासेमारीच्या आदल्या दिवशी चंद्रपूरच्या दवाखान्यातून काकांचा मेसेज आला. बोटानं एकेक अक्षर दाबून लिहिलेला, कारण बोलून टाइप करायची सोय आता बंद. ‘अंगनातल्या जाळ्याचा फोटो पाठव. सगळे दिसले पाह्यजे.’

अंगणात दोन खांबांना आडवा बांबू बांधलेला. त्यावर घरातली सगळी जाळी ओळीनं लटकलेली. सगळी दिसावीत म्हणून मी जाळ्यांकडे पाठ करून उभा राहिलो, हात लांब केला आणि सेल्फी काढून पाठवला. सरळ समोरून काढता आला असता का? आला असता. पण मग मी कसा दिसलो असतो?

दुसऱ्या दिवशी सकाळी उत्तर आलं. ‘डावीकडलं पोरीले दे. आपरेशनले आत नेऊन राह्यले.’

बस्. त्यानंतर फोन बंद.

काकूंनी मेसेज माझ्याकडून दोनदा वाचून घेतला. बहीण चुलीपाशी होती. तिच्या हातातली फुंकणी तशीच राहिली.

मी फोटो उघडला. डावीकडचं जाळं कोणतं, ते बघून माझंच तोंड उतरलं. ते काकांनी कधीच टाकून दिलेलं होतं. काकू त्यानं कोंबड्यांपासून वालाचा वेल झाकायच्या. आणि उजव्या टोकाला काकांचं स्वतःचं जाळं. त्यांनी हातानं विणलेलं, कडेला शिशाच्या गुंड्या, हातात धरायची दोरी त्यांच्या घामानं काळी झालेली. त्याला घरात कुणी हात लावत नसे. मांजरसुद्धा त्याच्या सावलीत बसायची नाही, असं मी सांगत असतो. ते खोटं आहे, पण थोडंच.

‘‘थांब,’’ मी म्हणालो, ‘‘सेल्फीत उलटं दिसते. डावं उजवीकडं जाते.’’

‘‘मंग उजवीकडलं का?’’ काकूंनी विचारलं.

इथे माझं दुकानदारी ज्ञान जागं झालं. फोटो काढताना पडद्यावर आपण आरशासारखे उलटे दिसतो. पण पाठवलेला फोटो उलटा आहे की सरळ, हे फोनच्या सेटिंगवर असतं. ते तपासायला अक्षरं बघायची. मी फोटो मोठा केला. माझ्या बनियनवर खताच्या कंपनीचं नाव होतं, फुकट मिळालेलं. अक्षरं सरळ वाचता येत होती.

‘‘फोटो सरळच हाय,’’ मी निकाल दिला. ‘‘डावीकडलं म्हनजे डावीकडलंच. वालाचं.’’

एवढ्या शास्त्रशुद्ध पद्धतीनं चुकलेला माणूस मी तरी दुसरा पाहिला नाही.

खात्री करावी म्हणून मी काकांना लिहिलं, ‘कोनतं?’ एकच टिक पडली. फोन बंदच होता.

बहीण उठली, डावीकडचं जाळं बांबूवरून काढलं, त्यात अडकलेली वालाची सुकी पानं एकेक करून काढली. ‘‘बाबाले माह्यासाठी हेच दिसलं,’’ एवढंच म्हणाली.

काकूंनी माझ्याकडे असं पाहिलं की जणू मीच ते विणलं होतं. ‘‘दिलं ना पन,’’ मी पुटपुटलो. ‘‘देनं महत्त्वाचं.’’

‘‘तू चूप राह्य ना जी,’’ काकू म्हणाल्या. आमच्या काकूंनी ‘जी’ लावला की समजायचं, आपली किंमत संपली.

ती ते जाळं घेऊन तलावावर गेलीच. मीही गेलो. रांगेतल्या एकानं पाहिलं आणि विचारलं, ‘‘काऊन वं बाई, मासोया धरते का वाल तोडते?’’ सगळे हसले. तीही हसली, पण दात दाखवण्यापुरतीच. मग लुगड्याचा काष्टा घट्ट केला आणि पाण्यात उतरली. पाणी इतकं थंड होतं की माझे पाय पाळीवरच आखडले.

पाळीवर ओरडायला माणूस नव्हता. काका नाहीत. बाकीचे सगळे पाण्यात हवे होते. शेवटी निरुपयोगी म्हणून मीच उरलो. ‘‘दादाले उभं करा,’’ कुणीतरी म्हणालं. ‘‘याचा आवाज तं दुकानात गिऱ्हाईक पळवते, मासोया काऊन नाई पळवन?’’

उभा राहिलो. ऊन वर यायला लागलं होतं. पलीकडून माणसांची रांग माझ्याकडे तोंड करून हळूहळू येत होती. पाण्यावर काठ्या पडत होत्या. आणि मग मला ते दिसलं, जे काकांना आयुष्यभर दिसत आलं होतं. पाण्याच्या पोटात एक सावली हलली. रांगेच्या पुढे, माझ्या उजव्या हाताला, पाणी आतून थरथरलं, जसं झोपलेल्या जनावराचं अंग थरथरतं. एवढी मासळी एका जागी मी कधी पाहिली नव्हती. सगळ्यात जवळ बहीण होती.

मी हात त्या दिशेनं लांब केला आणि ओरडलो, ‘‘बाई! डावीकडं! डावीकडं सरक!’’

ती सरकली. बरोबर त्याच दिशेनं. जाळं फेकलं, आणि जुनं सूत चर्रकन फाटलं. मासळी भोकातून निघून गेली. लोक ओरडले. पण माझं तिकडे लक्ष नव्हतं. मी माझ्याच लांब केलेल्या हाताकडे बघत होतो.

तो माझा उजवा हात होता.

मी डावीकडं म्हणालो होतो आणि उजवीकडं दाखवत होतो. तरी ती चुकली नाही. कुणीच चुकलं नाही. पाळीवरचा माणूस पाण्यातल्यांच्या हातानं बोलतो. समोरच्याचं डावं तेच डावं. लहानपणापासून ऐकत आलो होतो, इतकं की ते कानाला कळायचंही थांबलं होतं. आता तेच माझ्या तोंडून न विचारता बाहेर आलं होतं.

आणि काका तर जन्मभर तसेच बोलत आले. त्यांनी फोटो उघडला तेव्हा त्यांना काय दिसलं असेल? फोटोच्या मधोमध त्यांच्याकडे तोंड करून उभा असलेला मी. काकांच्या समोर कुणी तोंड करून उभं राहिलं की काका त्याच्या हातानं बोलतात. मी नसतो फोटोत, नुसती जाळीच असती, तर डावीकडचं म्हणजे फोटोच्या डावीकडचं. पण मी होतो. तेव्हा डावीकडलं म्हणजे माझ्या डावीकडचं. बनियनवरची अक्षरं सरळ होती, म्हणजे माझी डावी बाजू फोटोच्या उजव्या टोकाला.

घामानं काळी झालेली दोरी.

मी धावत घरी गेलो. माझं धावणं गावानं खूप वर्षांनी पाहिलं, त्यावर अजून बोललं जातं. बांबूच्या उजव्या टोकाचं जाळं काढताना फोटो पुन्हा एकदा पाहिला. चुकलो असतो तर काकांच्या जाळ्याला न विचारता हात लावल्यासारखं झालं असतं. काकू दारात उभ्या होत्या. मी फक्त म्हणालो, ‘‘माह्या डावीकडलं, काकू. माह्या.’’ त्यांना काय समजलं कोण जाणे, त्यांनी पदर तोंडाला लावला.

तलावावर बहीण काठाला येऊन फाटलेलं जाळं गुंडाळत होती. माझ्या खांद्यावर काय आहे ते पाहून ती मागे सरली.

‘‘दादा, ठेवून ये. बाबा नाई देनार ते.’’

‘‘दिलं हाय.’’ मी फोटो तिच्यासमोर धरला. ‘‘तू पान्यात हायस, बाबा पाळीवर हायत. आन फोटोत तुह्या जागी मी उभा हाय, पाह्य. आता बाबा म्हनते डावीकडं. कुठी जाशीन?’’

ती फोटोकडे बघत राहिली. मग तिनं ओलं बोट माझ्या चेहऱ्यावर ठेवलं आणि माझ्या डाव्या कानावरून सरकवत थेट टोकापर्यंत नेलं. तिथेच बोट थांबलं. पडद्यावर पाण्याचा थेंब उरला.

तिनं जाळं घेतलं. हातांनी नाही घेतलं आधी, खांदा पुढे झुकवून त्यावर घेतलं, जसे काका घेत. रांगेतल्यांनी सरकून तिला जागा करून दिली. वालाची गोष्ट करणाऱ्यानंही.

दुपारी पुन्हा फेरी सुरू झाली तेव्हा काकांना लिहिलेल्या ‘कोनतं?’ला दुसरी टिक पडलेली दिसली, म्हणजे त्यांचा फोन सुरू झाला होता. मी पाळीवरून तिचा फोटो काढून पाठवला. कमरेइतक्या पाण्यात, माझ्याकडे तोंड करून, खांद्यावर ते जाळं. या खेपेला मी फोटोत नव्हतो.

मग निळ्या टिका. मग ‘टाइप करत आहे’, बंद, परत ‘टाइप करत आहे’. चंद्रपूरच्या खाटेवर गळ्याला पट्टी असलेला माणूस एका बोटानं लिहीत होता. चुकीचं जाळं दिलं असेल तर ते याच क्षणी कळणार होतं.

मेसेज आला. ‘तिले म्हना डावीकडं जाय. तिकडं खोल हाय. रोहू तिथीच बसते.’

जाळ्याबद्दल एक अक्षर नाही. जाळं तर त्यांनी सकाळीच दिलं होतं.

मी फोन खिशात टाकला आणि ओरडलो. माझा आवाज फाटला, पण शब्द पोचला. तिनं माझ्या हाताकडे पाहिलं नाही. ती डावीकडे सरकली, पाणी छातीपर्यंत आलं, आणि तिनं जाळं फेकलं. ते हवेत उघडलं, पूर्ण गोल, आणि क्षणभर तलावावर त्याची सावली पडली.