भिमाजीच्या नावाचा हॅलो

वारूळवाडीच्या साळुबाई टोमॅटोची रोपं विकतात आणि रोपांचे फोटो फेसबुकवर टाकतात. गिऱ्हाईक तिथूनच येतं, म्हणून अनोळखी हॅलोलाही त्या उत्तर देतात. आपल्याकडे 'ओळखलं नाही' म्हणणं म्हणजे समोरच्याच्या तोंडावर दार लावणं. मग आपणच विचारतो, तू अमक्याचा ना? समोरचा मान हलवतो की झालं, निघालो चहा टाकायला.

त्या दुपारी निरोप आला, "हॅलो ताई, ओळखलं का?" फोटोच्या जागी गुलाबाचं फूल, खातं आठ दिवसांपूर्वीचं. साळुबाईंना भावाची आठवण झाली. धाकटा भाऊ भिमाजी भांडून घर सोडून गेला, त्याला वीस वर्षं झाली होती. त्यांनी "भिमा का रे?" टाइप केलं, पाठवणार तेवढ्यात सून प्राचीनं हात धरला.

"आत्या, नाव आपण द्यायचं न्हाई. त्याला सांगू द्या."

सुनेनं सांगितलं तसं त्यांनी लिहिलं, "नमस्कार. लक्षात येत नाही, राग मानू नका. आपलं नाव सांगाल का?" उत्तर आलं, जवळचाच आहे, आठवा, फोन नंबर द्या. प्राचीच्या सांगण्यावरून त्यांनी लिहिलं, नंबर देत नाही, इथंच बोला.

थोड्या वेळानं शब्द उमटले, "मी भिमा."

मी शेजारीण; साळुबाईंनी मला हाक मारून मोबाईल दाखवला. मीही चरकले, खोटं कशाला बोलू? प्राचीनं मात्र साळुबाईंच्या फेसबुकवरचा जुना फोटो उघडून दाखवला. गावच्या यात्रेच्या त्या फोटोखाली साळुबाईंनीच लिहिलं होतं, "माझा भाऊ भिमा यात असता तर." सगळ्या जगाला वाचता येईल असं.

मग साळुबाईंनी स्वतः विचारलं, "बरं झालं आलास. लहानपणी आपण शेळीला काय नाव ठेवलं होतं?" उत्तर त्यांनी कुठंच लिहिलेलं नव्हतं.

"इतक्या वर्षांनी भाऊ भेटला आणि परीक्षा घेतेस?" हे वाचून त्या ढसाढसा रडल्या. तरी लिहिलं, "राग नको. नाव सांग, मग बोलू."

नाव आलं नाही. संध्याकाळी पाहिलं तर खातंच गायब.

"मी नाव लिव्हलं असतं," साळुबाई म्हणाल्या, "तर मीच त्याला माझा भाऊ करून घेतलं असतं."

प्राची म्हणाली, ते यात्रेच्या फोटोखालचं काढून टाकू. साळुबाईंनी मोबाईल पदराखाली घेतला.

"ऱ्हाऊ दे. खरा भिमा वाचंल कवा तरी. त्याला शेळीचं नाव म्हाईत हाय."