तिसऱ्या ओळीतला कूलर

ती पोरगी धुळ्याची. माझ्याकडे जळगावला तीन वर्षं काम शिकली, आणि चौथ्या वर्षी माझ्याच खुर्चीत बसली. एवढ्यावरून माझ्या अंगाचा तिळपापड का झाला, ते कुणाला वेगळं सांगायला नको.

आमच्या समाजाचा वधू-वर मेळावा दरवर्षी जळगावच्या एका मंगल कार्यालयात होतो. पूर्वी मी त्याचं नुसतं शूटिंग करायचे. मग लोकांना घरबसल्या बघायचा झाला, तसं ते थेट प्रक्षेपण झालं. पुण्या-बंगळुरूची, दुबईची मुलंमुली येऊ शकत नाहीत, ती स्वतःची ओळख मोबाइलवर रेकॉर्ड करून पाठवतात. आम्ही ती पाऊण मिनिटाची करून मध्ये मध्ये सोडतो. कॅमेरे, माइक, क्लिपा, निवेदक, सगळ्यांच्या कानात हेडफोन. आणि एक माणूस त्यांना सांगणार, आता हे, आता ते. त्याला आम्ही क्यू देणं म्हणतो. सहा वर्षं ते मी केलं. कागद म्हणाल तर निमंत्रणपत्रिकेची मागची बाजू. बाकी सगळं डोक्यात.

या वर्षी नानांनी, म्हणजे आमच्या समितीच्या अध्यक्षांनी, मला घरी बोलावलं. चहा पाजला. मग म्हणाले, "अक्का, यंदा त्या धुळ्याच्या पोरीले देऊ. तू क्लिपा सांभाळ. तिनं कागद लई भारी करेल शे."

कागद भारी होता, हे मी नाकारत नाही. नाकारता आलं असतं तर बरं झालं असतं. आठ पानं. प्रत्येक ओळीत वेळ, लांबी, काय दिसणार, आवाज कुठून येणार, क्लिपेचे शेवटचे शब्द काय, आणि सगळ्यात शेवटी एक रकाना: "बिघडलं तर". दुसऱ्या लॅपटॉपवर त्याच क्लिपा जोडीला तयार. वायरचं नेट गेलं तर मोबाइलचं, तेही गेलं तर "थोड्याच वेळात" अशी पाटी. धुळ्याच्या हॉलमध्ये म्हातारी मंडळी पडद्यावर बघणार होती, त्यांना पंचवीस सेकंद उशिरा दिसतं, म्हणून तिथल्या माणसाच्या फोनवर विसंबून काही करायचं नाही, असंसुद्धा लिहिलेलं. बिघडलं तर, बिघडलं तर. मी मनात म्हटलं, बाई गं, लग्न जमवायला बसलोय की युद्धाला निघालोय?

पण पोटात दुखत होतं ते वेगळंच. हे मला कधी सुचलं नव्हतं.

आदल्या दिवशी दुपारी कार्यालयात सगळ्यांना बसवून तिनं कागद ओळीओळीनं वाचला. तिची एक पद्धत होती. कागदात बदल झाला की नव्या रंगावर छापायचा आणि जुना परत घ्यायचा, म्हणजे कुणी चुकून जुना बघून काम करणार नाही. त्या दिवशीचा पिवळा होता. मी पेन्सिल घेऊन क्लिपांचे शेवटचे शब्द तपासत होते. तिसरी ओळ आली: दीपप्रज्वलन, दोन मिनिटं. त्यानंतर क्लिप एक, समाजाची फिल्म, दोन मिनिटं दहा सेकंद. बिघडलं तर: समई दीड मिनिटात लागली नाही, तर फिल्म आधी सोडायची, समई नंतर दाखवायची.

तिथे कूलर नव्हता.

त्या कार्यालयात स्टेजच्या डाव्या अंगाला पडद्यामागे एक मोठा कूलर आहे. लोकांना दिसत नाही, वाजंत्रीत ऐकू येत नाही, आणि समईवर थेट वारा मारतो. मागे एकदा माझ्या वेळी तो सुरू राहिला होता, तेव्हापासून दरवर्षी दीपप्रज्वलनाआधी मी स्वतः मागे जाऊन वायरमनला ओरडायचे, "कूलर बंद!" तिला हे माहीत असायचं कारण नव्हतं, ती तेव्हा टेबलाशी असायची. शिकवताना मी ते कधी सांगितलंच नव्हतं. हात सवयीनं चालला आणि मी पिवळ्या कागदावर तिसऱ्या ओळीसमोर लिहिलं, "कूलर". खाली दोन रेघा मारल्या.

"कुणाला काही सांगायचंय?" तिनं विचारलं. माझ्याकडे बघून मुद्दाम म्हणाली, "अक्का? तुम्हाला काही राहिलेलं दिसतंय का?"

"छे गं," मी म्हटलं. "तू एवढं केलंयस, राहणार काय?"

खरं सांगते, मला ते बोलताना गोड वाटलं. उद्या सगळ्यांसमोर तिची जिरू दे एकदा, मग नाना धावत येतील माझ्याकडे, एवढंच डोक्यात होतं. निघताना तिनं पिवळे कागद गोळा केले तेव्हा मी म्हटलं, माझा राहू दे, शेवटचे शब्द लिहिलेत त्यावर, उद्या नव्यावर उतरवून घेते. तिनं "बरं अक्का" म्हणून सोडून दिला.

सकाळी पांढरे कागद वाटले गेले. मी शब्द उतरवून घेतले आणि पिवळा माझ्या लॅपटॉपखाली सरकवला. दहा वाजता प्रक्षेपण सुरू झालं. हॉलच्या मागच्या कोपऱ्यात टेबल, शेजारी ती हेडफोन लावून, हातात स्टॉपवॉच. आवाज शांत. तो शांतपणाही डोळ्यांत खुपत होता.

पाहुणे म्हणून एक निवृत्त मुख्याध्यापक होते, ऐंशीच्या पुढचे; सगळे त्यांना गुरुजी म्हणतात. त्यांनी मेणबत्ती समईकडे नेली, विझली. पुन्हा पेटवली, विझली. नाना तळहाताचा आडोसा करायला लागले. कुणीतरी म्हणालं वाती ओल्या आहेत, कुणीतरी तेल ओतलं. गुरुजी पुन्हा पुन्हा मेणबत्ती पेटवत होते आणि ते सगळं गावोगावी दिसत होतं.

"एक मिनिट वीस," तिनं पुटपुटत मोजलं. "अक्का, क्लिप एक तयार ठेवा. निवेदक, आपण फिल्म आधी घेतोय, एक वाक्य बोला. स्टेजचे माइक बंद करायची तयारी." निवेदकानं वाक्य म्हटलं. "क्लिप एक, सोडा. माइक बंद."

मी सोडली. घरी बघणाऱ्याला वाटलं असेल, कार्यक्रम असाच ठरलेला आहे. तिचा रकाना चालला होता.

आता तिच्याकडे फिल्मपुरता वेळ होता. स्टेजवरच्या पोराला तिनं विचारलं, "समईला काय झालंय?" तो म्हणाला, "कळत नाही ताई, लागतच नाहीये."

क्लिप चालू असताना उरलेला वेळ मोठ्यानं सांगायचा, ते क्लिपवाल्याचं काम. माझं काम. "दीड मिनिट," मी म्हटलं.

"वाती बदला," ती म्हणाली. वाती बदलल्या. विझल्या.

"एक मिनिट," मी म्हटलं.

तिनं कागद उलटला. तिच्या कपाळावर घाम आला होता, तो मी बघितला. पहिल्यांदाच तिच्या रकान्यात पुढचं काही नव्हतं. फिल्म संपल्यावर विझलेली समई घेऊन कुठे जायचं?

"चाळीस," मी म्हटलं. आणि मग म्हटलं, "डावीकडच्या पडद्यामागं कूलर आहे. बंद करायला सांग."

गुरुजींची दया आली म्हणून बोलले, असं सांगायला मला फार आवडेल. पण तसं नव्हतं. ती बुडाली असती तर लोक तिला हसले असते, एवढंच. तिला मी वाचवलं, असं झालं तर लोक माझ्याकडे बघणार होते. मला तेच हवं होतं.

कूलर बंद झाला. दहा सेकंद उरले असताना समई लागली. "तीन, दोन, एक," मी म्हटलं, तिनं कॅमेरा दोन मागितला आणि पडद्यावर लख्ख पेटलेली समई आली. टाळ्या पडल्या. पुढचे साडेतीन तास तिनं एक ओळ चुकवली नाही, पण ते कुणाच्या लक्षात राहिलं नाही.

कार्यक्रम संपताच नाना टेबलाशी आले ते माझ्याकडेच. "अक्का, तू व्हती म्हनीसन बठ्ठं निभी गयं! अनुभव तो अनुभव!" चारचौघांत म्हणाले, की पुढचे मेळावे, धुळ्याचा आणि सावद्याचा, अक्काच चालवणार. मी लाजल्यासारखं केलं. ती शेजारी उभी राहून टाळ्या वाजवत होती आणि मनापासून म्हणाली, "अक्का, तुम्ही नसता तर मी मेले होते आज."

मग आवराआवर सुरू झाली. मी नानांबरोबर फोटो काढत होते. माझ्या वायरी गुंडाळून देऊ म्हणून तिनं माझा लॅपटॉप उचलला.

मी वळून बघितलं तेव्हा तिच्या हातात पिवळा कागद होता.

आदल्या दिवशीचा रंग, पेन्सिल, दोन रेघा. ती बराच वेळ बघत राहिली. माझ्याकडे एकदा बघितलं. तिनं कागदाची नीट घडी घातली, माझ्या पर्समध्ये ठेवली, चेन लावली आणि वायरी गुंडाळायला बसली.

त्या संध्याकाळी समितीच्या ग्रुपवर तिचा अहवाल आला. ठरलेली वेळ, प्रत्यक्ष वेळ, कुठे काय चुकलं. तिसऱ्या ओळीसमोर लिहिलं होतं: "कूलर बंद करण्याची सूचना कागदात नव्हती. चूक माझी." त्याखाली सगळ्यांनी अंगठे दाखवले. मीही दाखवला. न दाखवून कसं चाललं असतं?

धुळ्याच्या मेळाव्याला खुर्चीत मी होते. कागद तिनंच करून दिला होता, आठ पानांचा, सांगितल्याबरोबर, आणि स्वतः क्लिपांवर बसली होती. तिसरी ओळ ठळक छापलेली: कूलर, पंखे बंद, मग समई.

दुपारी एक क्लिप चालू असताना हेडफोनमध्ये तिचा आवाज आला. "मॅडम, पुढच्या मुलाखतीचा माइक बंद आहे. आता चालू केला तर वेळ आहे."

मी बघितलं. खरंच बंद होता, आणि माझ्या लक्षात आलं नव्हतं. तिच्या लक्षात आलं आणि तिनं सांगितलं. लगेच.

माइक चालू करायला लावला. मग मला राहवेना. सगळे ऐकत होते, तरी म्हटलं, "अगं, मॅडम काय म्हणतेस? अक्का म्हण ना."

"क्लिप चालू आहे, मॅडम," ती म्हणाली. "तीस सेकंद."