आटलेलं ब्लाउज

नागपूरच्या आमच्या कॉलनीत मी गॅलरीला शिवणकामाची पाटी लावली, तेव्हा आधी आले ते पडदे. मग उशांचे अभ्रे, उसवलेले गाऊन. ब्लाउज मात्र कोणी देईना. पडदे एकदा शिवले की ती बाई पाच वर्षं फिरकत नाही. ब्लाउज जमलं की कायमची आपली. पण बायकांचे ठरलेले टेलर बर्डीच्या बाजारात बसलेले, घरच्या एका मशीनवर विश्वास कोण टाकणार!

टाकला तो समोरच्या ब्लॉकमधल्या काकूंनी. मापाला जुनं ब्लाउज आणलं आणि बजावलं, "याच मापाचं शिव. टेप नको लावू मले."

माप फार जुनं होतं, हे डोळ्यांना दिसत होतं. मी दोन्ही बाजूंना आत भरपूर कापड सोडलं आणि थोड्या थोड्या अंतरावर तीन टिपा मारून ठेवल्या.

आठवडाभरात काकू दारात. पडदे न्यायला आलेल्या दोघी तिथंच बसल्या होत्या. त्यांच्यादेखत म्हणाल्या, "पाह्य वं, एकदा धुतलं अन् आटलं."

टेरिकॉट आटत नाही. माझं डोकं सटकलं. पहिलंच ब्लाउज, आणि कॉलनीभर माझी बदनामी. खरं काय ते सांगून टाकणार होते, पण काकू पदर पोटावर ओढून उभ्या होत्या. मला एकदम त्यांची माया आली.

"आटते कधी कधी," मी म्हटलं आणि दोन्हीकडची एकेक टीप उसवून दिली. काकू आतल्या खोलीतून घालून आल्या त्या हसतच.

दुसऱ्या दिवशी त्या दोघींपैकी एकजण आपलं ब्लाउज घेऊन आली. "माझंही आटलं वं." मग काय, बघता बघता अख्ख्या कॉलनीची ब्लाउजं आटायला लागली. मी कोणाशी वाद घातला नाही. बर्डीचे टेलर वाद घालत असावेत.

मागच्या उन्हाळ्यात काकूंना मोठं आजारपण आलं. दवाखान्यातून आल्यावर त्या तेच ब्लाउज घेऊन आल्या, सुनेच्या हाताला धरून. खांद्यावरून ते ओघळत होतं.

"धुऊन धुऊन सैल पडलं," त्या म्हणाल्या.

"पडते काकू, जुनं झालं की."

मी उसवलेल्या टिपा परत मारल्या, त्यांच्याही आत एक घेतली. काकू बघत होत्या. "आतलं कापड कापून टाक आता. टोचून राहिलं. काय करायचं आहे?"

मी कात्री हातात घेतली नाही. कापड दुमडून हातशिलाईनं बसवून दिलं. "राहू द्या. परत आटलं तर लागेल."

काकू उठल्या. माझ्या गालाला हात लावून गेल्या.

संक्रांतीच्या हळदीकुंकवाला निघताना त्या एकट्याच जिना चढून आल्या. श्वास लागला होता. ब्लाउज माझ्यापुढे टाकून जरा रागातच म्हणाल्या, "हे पाह्य, पुन्हा आटलं."

टीप उसवताना मला धागा दिसेना, इतके डोळे भरून आले होते.