चोपडीत जमा

माझ्या मामांचा आवाज असा की आमच्या वाडीत शिंकले तर कोसांवरच्या पादरा गावातले बैल उठून उभे राहत. महाराजांच्या रिसाल्यातून निवृत्त झाल्यावर ते टांगा हाकत. घोडा म्हातारा झाला, म्हणून नवं जनावर घ्यायला त्यांनी आपलं चांदीच्या कामाचं खोगीर मुंबईच्या एका शेठला विकलं. शेठने अडीचशेचा चेक दिला. तो त्यांनी सोमवारी आमच्या बँकेत भरला. भरून घेतला मीच, लेजर सांभाळणारा कारकून.

बुधवारी ते हजर. पादरा गावी एक घोडी विकायला होती, मालक शुक्रवारपर्यंतच थांबणार होता.

"अडीचशे काढ."

"मामा, पस्तीसच निघतील."

त्यांनी पासबुक माझ्या नाकाखाली धरलं. "वाच. आधीचे पस्तीस, वर अडीचशे जमा. एकूण दोनशे पंच्याऐंशी. अक्षर तुझंच ना?"

"माझंच. पण जमा आहेत, वसूल नाहीत."

"चोपडीत जमा म्हणजे जमा. का बँकेत मराठी वेगळी चालते?"

त्या दिवशी मी हे सतराशे वेळा सांगितलं असेल. चेक टपालाने मुंबईला गेलाय. तिथली बँक शेठची सही पाहील, खात्यात पैसे आहेत का पाहील, मग देईल. तोवर आकडा नुसता लिहिलेला. चेक परत आला तर तोच आकडा मी खोडणार, आणि तुम्ही उचललेले पैसे तुमच्याकडूनच मागणार.

"भाच्याचा शब्द नाही का चालत?"

"भाच्याचा पगार विचारा आधी."

ते मॅनेजरसाहेबांकडे गेले. साहेब म्हणाले, पेढीवाल्यांना आम्ही कधी कधी आधी देतो, त्यांची पत बघून, थोडी कसर, म्हणजे व्याज, कापून. टांग्याला पत नसते. हे मात्र साहेब बोलले नाहीत, मामांनीच बाहेर येऊन मला सांगितलं.

शुक्रवारी घोडी दुसऱ्याला विकली गेली. मध्ये मुंबईला सुट्टी पडली होती, त्यामुळे वसुलीचं पत्र सोमवारी आलं. मी शिपायाकरवी मामांना बोलावलं. आले ते पायी. तो आवाज कुठे ठेवून आले होते कोण जाणे. मला तो ओरडाच बरा वाटला असता.

पासबुक उघडून म्हणाले, "दोनशे पंच्याऐंशी. बुधवारी होते तेवढेच. काय बदललं?"

"आता निघतात."

"मग एक रुपया दे."

"एकच?"

"एकच. घोडी नाही, बाकीचे कोणाला चारू?"

मी फॉर्म भरला, त्यांनी सही केली, खजिनदाराने रुपया सरकवला. मामांनी तो काउंटरवर आपटून वाजवला, कान लावून ऐकला आणि खिशात टाकला.

"हं," म्हणाले, "हा वसूल."

आणि म्हाताऱ्या घोड्याला चंदी घ्यायला खंडेराव मार्केटकडे चालू लागले.