रिकाम्या कुंड्यांचा फोटो

"फोनवरची मैत्रीण म्हणे!" सोलापूर स्टेशनवर नवरोबा शेवटपर्यंत कुरकुरत होते. पद्मा आणि मी गच्चीवरच्या बागेच्या ग्रुपवर भेटलो. तीन वर्षं रोज चॅट. ती तंजावरची मराठी, चेन्नईत शिक्षिका. निघण्याआधी व्हिडिओ कॉल केला, तिचा पत्ता घरी देऊन ठेवला आणि पहिली भेट भर दिवसा, गजबजलेल्या हॉटेलात ठरवली. तुम्हीही एवढं कराच.

चेन्नई सेंट्रलला उतरून समोरच्या पार्क टाउनहून मैलापूरची गाडी धरली; तिकीट अगदी किरकोळ. चॅटवर मला 'अगं वेडे' म्हणणारी पद्मा हॉटेलात उठून उभी राहिली आणि म्हणाली, "या, बसा. प्रवास बरा झाला?" झालं! इडली लुसलुशीत, तिथली फिल्टर कॉफी, म्हणजे 'कापी', फर्मास, पण बोलत होते मी एकटीच. ती नुसती हसून "आमा, आमा", म्हणजे हो, हो, करत मान हलवायची. तीन वर्षांची मैत्री तीन दिवसांत संपते की काय!

दुसऱ्या दिवशी तिरुवान्मियूरहून बसने कोवलमला गेलो; केरळातलं नव्हे, चेन्नईजवळचं. खिडकीकडची जागा धरा, मधूनमधून समुद्र दिसतो. वाटेत मी विचारलं, "यंदा वांग्यांना कीड नाही का गं लागली?" आणि उत्तराआधीच साड्यांवर घसरले. तेवढ्यात तिने उत्तर दिलं, पण ते वांग्यांच्याही आधीच्या, मी कधीच मागे टाकलेल्या प्रश्नाचं! तेव्हा डोक्यात प्रकाश पडला. चॅटवरही ती लिहिते, खोडते, मग पाठवते. तिथे 'टायपिंग' दिसलं की मी थांबते. इथे तिला वाक्य जुळवायला सवडच देत नव्हते.

कोवलमला होड्यांच्या सावलीत बसलो आणि मी चक्क तोंड मिटलं. बऱ्याच वेळाने ती समुद्राकडे बघत बोलली.

"वांग्यांचं विचारलीस नं? झाडंच नाहीत. अप्पा गेले, मग पाणी घालायला मनच होईना. सगळी वाळली. तुला धाडले ते फोटो जुने."

वडील गेल्याचं तिने कळवलं होतं. आठवड्याने टपोऱ्या वांग्यांचा फोटो आला आणि मला वाटलं, सावरली! "मग सांगितलं का नाहीस?"

पुन्हा थांबले.

"तू रोज किती कौतुक करायचीस. आणि माझं बोलणं घरचं, जुनं, अर्धं तमिळ. तू हसशील वाटलं."

मी हसले नाही. तिचा हात धरला. मग मात्र ती परतीच्या बसमध्ये मैलापूरपर्यंत बोलत होती. काही शब्द मला कळले नाहीत, ते मी विचारून घेतले. निघायच्या दिवशी तिने स्वतःहून मला गच्चीवर नेलं.

घरी येऊन आठवडा झाला. पद्माने पाठवलेले हिरवेगार फोटो अजून फोनमध्ये आहेत. पण शेजारणींना मी अभिमानाने दाखवते तो त्या गच्चीवर मी काढलेला एकच: वाळल्या मातीच्या कुंड्या आणि मधोमध, थेट माझ्याकडे बघणारी माझी मैत्रीण.