विश्व फाटणार म्हणणारा माणूस

एवारिस्तो ताबिलोचं सगळं आयुष्य ला सेरेना आणि शेजारचं कोकिम्बो बंदर या दोन गावांत गेलं. बाप मासेमारीच्या होडीवर. पोरगा हुशार निघाला, शिष्यवृत्तीवर शिकला आणि पन्नाशीला येईतो गावातल्या संशोधन केंद्रात कृष्ण ऊर्जेवर काम करणाऱ्या गटाचा प्रमुख झाला. माणूस मनाने वाईट नव्हता. पण बोलायला उभा राहिला की चार लोकांना हसवल्याशिवाय त्याला चैन पडत नसे.

गटाचं काम सांगायला सोपं होतं. एका विशिष्ट जातीचे तारे फुटतात तेव्हा सगळे जवळपास सारख्याच तेजाने पेटतात. त्यामुळे एखादा किती मंद दिसतो त्यावरून तो किती लांब आहे ते काढता येतं. जवळचे आणि दूरचे असे शेकडो स्फोट एकत्र मांडले की विश्व कसं पसरत आलं ते कळतं, आणि त्याला ढकलणाऱ्या कृष्ण ऊर्जेचा स्वभाव एका आकड्यात पकडता येतो. आकडा उणे एक आला, तर ती ऊर्जा कायम तेवढीच दाट राहणार. दीर्घिका एकमेकींच्या नजरेआड जाणार, तारे विझणार आणि शेवटी सगळीकडे सारखाच गारठा उरणार. आकडा त्याच्याही खाली गेला, तर विश्व पसरेल तशी ती ऊर्जा दाटत जाणार. मग आधी दीर्घिकांचे समूह सुटे होतील, मग दीर्घिका, मग सूर्यापासून ग्रह, आणि अगदी शेवटी अणूसुद्धा फाटतील.

एवारिस्तोच्या गटाला उणे एक पूर्णांक दोन मिळाला. पन्नास-साठ अब्ज वर्षांनी विश्व फाटणार.

वर्तमानपत्रांत त्याचा फोटो आला. बाजारातला पाववाला त्याला बघितलं की म्हणे, "डॉक्टर, फाटायच्या आत घेऊन जा, आत्ताच भट्टीतून काढलाय." एवारिस्तो हसायचा, आणि त्याला ते मनापासून आवडायचं.

निकाल जाहीर करायच्या आधी केंद्रात सभा झाली होती. तिथे यास्ना कार्मोना उभी राहिली. ती त्याच्याच गटातली, त्याच्या बरोबरीची. दोघं एकाच वर्षी पदवीला होती. जवळचे स्फोट एका जुन्या दुर्बिणीने टिपलेत, दूरचे दुसऱ्या, नव्या दुर्बिणीने, असं तिचं म्हणणं होतं. जुन्या दुर्बिणीच्या कॅमेऱ्यावर तिचा भरवसा नव्हता. आधी तेच ठरावीक तारे दोन्हींतून बघा, तेज जुळतंय का ते पाहा आणि मग आकडा बाहेर काढा. एवढंच ती मागत होती.

एवारिस्तोने मायक्रोफोन जवळ ओढला. "यास्ना," तो म्हणाला, "विश्वाचा शेवट येईल, पण तुझ्या शंकांचा काही यायचा नाही."

सभागृह खो खो हसलं. यास्नाही थोडीशी हसली आणि खाली बसली. शोधनिबंधावर आपलं नाव नको, असं तिने नंतर कळवलं. वर्ष संपायच्या आत ती केंद्र सोडून ओवाय्ये या गावी गेली आणि तिथल्या शाळेत भौतिकशास्त्र शिकवू लागली. लोक म्हणाले, आईची तब्येत बरी नसेल. एवारिस्तोनेही तेच धरलं, कारण ते सोयीचं होतं.

पुढे दूरच्या स्फोटांसाठी वापरलेल्या कॅमेऱ्याचे फिल्टर बदलायची वेळ आली. तंत्रज्ञांनी जुना लाल फिल्टर काढला आणि सहज म्हणून गार करून तपासला. प्रयोगशाळेच्या उबेत तो जो प्रकाश आत सोडायचा, दुर्बिणीवरच्या थंडीत त्याची कड निळ्याकडे सरकत होती. सरकणं अगदी बारीक होतं. पण फिल्टर कोणता प्रकाश किती सोडतो याच्या उबेत मोजलेल्या वक्रावर एवारिस्तोने सगळं गणित केलं होतं, आणि तो वक्र त्याने स्वतः निवडला होता. त्यामुळे दूरचे स्फोट खरे होते त्याहून किंचित मंद, म्हणजे किंचित लांब ठरले होते. त्याने नवा वक्र घालून गणित पुन्हा चालवलं. आकडा सरकत उणे एकाच्या इतका जवळ आला की फरक म्हणावा असं काही उरलं नाही. यास्ना म्हणत होती तसे तेच तारे दोन्ही दुर्बिणींतून बघितले असते, तर खोट पहिल्या आठवड्यातच दिसली असती.

त्याने दुरुस्ती छापली, पुन्हा सभा घेतली, फिल्टरचं सगळं सविस्तर सांगितलं. शेवटी 'डॉ. कार्मोना यांचे आभार' अशी एक ओळ पडद्यावर आली आणि गेली. तिने हे आधीच तपासायला सांगितलं होतं आणि आपण तिला हसण्यावारी नेलं, हे पुढचं वाक्य त्याच्या ओठावर होतं, पण ते बाहेर पडलं नाही. लोकांनी टाळ्या वाजवल्या. चूक कबूल करायला धैर्य लागतं, असं कुणीतरी म्हणालं. त्याचे कान तापले. पाववाल्याने विचारलं, "मग डॉक्टर, आता फाटत नाही म्हणायचं?" त्या दिवसापासून तो दुसऱ्या गल्लीतून जाऊ लागला.

एका शनिवारी दुपारी तो ओवाय्येला गेला. यास्नाने दार उघडलं, त्याला स्वयंपाकघरात बसवलं, चहा आणि पाव पुढे ठेवला. दुरुस्ती तिने वाचली होती.

"तुझं बरोबर होतं," तो म्हणाला.

"नव्हतं. मी जुन्या दुर्बिणीला दोष देत होते. खोट तुझ्या फिल्टरमध्ये निघेल असं माझ्या स्वप्नातही नव्हतं."

"पण तू सांगितलंस ते मी केलं असतं तर..."

"एवारिस्तो, फिल्टरची चूक कुणाचीही झाली असती. माझीसुद्धा." तिने कप खाली ठेवला. "त्या दिवशी घरी आले आणि विचार करत बसले, माझी शंका खरंच इतकी खुळचट होती का? त्यानंतर सभेत हात वर करायचा धीरच होईना. म्हणून सोडलं. आईला काही झालेलं नव्हतं."

त्याची मान वर होईना. तसाच खाली बघत तो माफ कर म्हणाला.

"हसवलंस तिथे, सगळ्यांसमोर," यास्ना म्हणाली. "आणि माफी मागतोस इथे, माझ्या ओट्याशी?"

तिचा आवाज जरासुद्धा चढला नव्हता. मग तिने नव्या आकड्याचं विचारलं. तो म्हणाला, विश्व गारठून जाईल असं दिसतंय, पण खात्री नाही. ऊर्जा काळाबरोबर बदलत असेल, तर उलटं आकसायलाही लागेल. ती ऐकत राहिली, मधेच एक-दोन नेमके प्रश्न विचारले. दोघं पूर्वीसारखी बोलताहेत असं त्याला क्षणभर वाटलं. त्याने परत येण्याचं विचारलं. ती नाही म्हणाली. शाळेत मुलं खूप प्रश्न विचारतात, ते तिला आवडत होतं.

केंद्राच्या पुढच्या सभेत विषय दुसराच होता. एवारिस्तोने पाच मिनिटं मागून घेतली. आपण काय म्हणालो होतो ते त्याने शब्दशः सांगितलं. तोच विनोद दुसऱ्यांदा ऐकून कुणी हसलं नाही. तेव्हा आपण एका माणसाचं तोंड बंद केलं, तो म्हणाला, आणि आकडा चुकण्याआधी आपण चुकलो. मागच्या रांगेतला एक जण बुटांकडे बघू लागला. तरुणांपैकी बऱ्याच जणांना यास्ना कोण तेच ठाऊक नव्हतं, म्हणून ते त्याला सांगावं लागलं. तेच त्याला सगळ्यात जड गेलं.

टाळ्या वाजल्या नाहीत. अध्यक्षांनी घसा खाकरून पुढच्या वक्त्याला बोलावलं. एवारिस्तो आपल्या जागी येऊन बसला. हलकं वाटेल अशी त्याची समजूत होती, तसं काही वाटलं नाही. समोर नव्या आकड्यांचे आलेख येत-जात होते. पहिल्या रांगेतल्या एका मुलीने हात वर केला आणि चाचरत काहीतरी विचारलं. तिचा प्रश्न पूर्ण होईपर्यंत तो मान खाली घालून ऐकत राहिला.