लाल चकती

शिरोलीच्या फाउंड्रीत राबणारा भाऊसो एका कामातून दुसऱ्यात भरकटायचा आणि रोज उशिरा पोचायचा. समुपदेशक बाईंनी त्याला एक घड्याळ दिलं. वेळ सरेल तशी त्यातली लाल चकती आकसायची. आंघोळीचेही बारीक तुकडे पाडून त्यांनी चिठ्ठ्या लिहिल्या. पहिली होती, ‘टॉवेल घे.’

सकाळी त्याच्या बायकोनं, स्वप्नालीनं, पाच मिनिटांचं घड्याळ लावलं. परत येऊन बघते तर नवरा चकतीकडं टक लावून खाटेवरच!

“अवं, लाल संपलं की! टॉवेल कुठं हाय?”

“लाल जाईस्तोवर हात लावायचा न्हाय,” भाऊसो गोंधळून म्हणाला. साच्यातून काढलेल्या तापल्या लोखंडाबाबत तो जन्मभर हेच शिकला होता.

स्वप्नालीचा पारा चढला, पण ती खाली बसली. “हे लाल तापल्यालं न्हवं, उरल्यालं हाय. लाल हाय तवर करायचं.”

तिनं घड्याळ पुन्हा लावलं. भाऊसोनं उठून टॉवेल घेतला, वळून पाहिलं. चकती जवळजवळ पूर्ण लाल होती.

“एवढा वेळ उरला?” चाळिशी उलटलेला तो माणूस टॉवेल धरून तसाच उभा राहिला. उरलेल्या वेळेचं काय करतात, हे त्याला कुणी कधी सांगितलंच नव्हतं.